शेवटचा शब्द छकुलीचा

छकुलीच्या आईस,

पाळणा, खुळखुळा, चाकांचा घोडा आणि एक गाणं, एवढं मी तिच्यासाठी माझ्या हातांनी केलं. गाण्याला कसले हात, म्हणशील. पण तेही मी तासूनच बसवलं होतं.

मी खुशाल आहे, जेवतो वेळेवर. तुझी कंबर कशी आहे? पाळणा अजून खोलीतच आहे का?

काल आमच्या खेळण्यांच्या कारखान्याचे मालक म्हणाले, "मिस्त्री, सारखं काय गुणगुणता? मोठ्यानं म्हणा की!" म्हटलं:

टुबुक टुबुक टुम्म,
डुबुक डुबुक डुम्म,
लुबुक लुबुक...

"पुढे?"

त्यांना समजावलं, ट आणि ड उड्या मारायला, ल निजवायला. साचा दोनदा ऐकला की तिसऱ्यांदा मूल स्वतःच पुरा करतं, म्हणून तिथे आपण थांबायचं. ओठ मिटले की शब्द झाला, बोबड्या तोंडालाही जमतो. आपण न शिकवताच तिने "लुम्म" म्हटलं होतं, आठवतं?

ती गेली, तरी मी तिथे थांबतोच.

मालक म्हणाले, "बाहुलीत घालू. शेवटचा शब्द बाहुलीच म्हणेल."

जिवाला जप.

तुझाच,
छकुलीचा बाबा

ता. क. गाण्याचे पन्नास हजार देत होते. नको म्हणालो.