तिकडे दिसलेली गुड्डी

कोंढा, ता. पवनी
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. गुड्डीस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. धानाची मळणी आटोपली, लाखोरीच्या डाळीचं पीक फुलावर आहे. तुझ्या बाबांचं हृदय मागच्या महिन्यात दवाखान्यात बंद पडलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून, शॉक देऊन परत सुरू केलं. घाबरू नकोस, आता घरी आहेत. त्यांच्यापायी मीच वेडी व्हायची बाकी आहे.

शुद्धीवर आले तसे सांगू लागले, नहराच्या अंधाऱ्या मोरीतून ओढत नेल्यासारखं झालं, पुढे उजेड होता, डोळे न दिपवणारा, अन् तिथून यायचं मन नव्हतं. झालं, तेव्हापासून घरात जत्रा. शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणतात, यमदूतांनी चुकीचा माणूस उचलला म्हणून परत सोडला. आता बाबांच्याच नावाचा दुसरा पुंडलिक जाईल. त्यामुळे खालच्या मोहल्ल्यातला पुंडलिक रोज सकाळी बाबांची तब्येत विचारायला येतो, म्हणजे स्वतःचीच. दवाखान्यातली केरळची सिस्टर म्हणाली, तो उजेड म्हणजे येशू, काम उरलंय म्हणून माघारी पाठवलं. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतून स्वेटर विकायला येणारी बाई म्हणते, उजेड आपल्याच मनाचा, मरताना समोर येतो; ओळखला तर सुटका, नाही तर पुन्हा जन्म. डॉक्टर म्हणतात, रक्त कमी पडलं की नजर कडेकडेने विझते, मधलीच उरते, म्हणून बोगदा दिसत असावा. नक्की त्यांनाही माहीत नाही. सगळ्यांचा चहा मी करते.

चहापर्यंत ठीक होतं. पण बाबांनी गोळ्या बंद केल्यात.

कारण तिकडे त्यांना आजी दिसली, अन् तिच्या बाजूला तू. "गुड्डीनंच हात करून मले वापस धाडलं," म्हणतात. "जित्तं मानूस तिकडं कायले दिसन? गुड्डी गेली. तुमी माह्यापासून लपवून राहिले." डॉक्टरांनी समजावलं की कधीकधी जिवंत माणसंही दिसतात, लोकांनी तसं सांगितलेलं आहे. ऐकतील तर ते तुझे बाबा कसले.

तू अश्वजितशी लग्न केलंस तेव्हा तू मेलीस असं धरून तुझ्या नावानं आंघोळ यांनीच केली होती, तलावावर जाऊन, मी पाय धरले तरी. आता म्हणतात, "मीच मारलं तिले. माह्याच आंघोळीनं गेली. गोळी कोनासाठी खाऊ?" मला इतका राग येतो गुड्डी, त्यांचाही अन् तुझाही. नंबर बदललास, तो आईलाही द्यायचा नव्हता?

मी त्यांना रोज ठणकावते, पोरगी धडधाकट आहे. "कशावरून?" विचारतात. मग मी उठून चहा ठेवते.

नागपूरचा हा पत्ता जुना आहे, दुसरा माझ्याजवळ नाही. फोन कर. भांडायचं असेल तर भांड त्यांच्याशी, पण आवाज ऐकू दे. त्यांना, अन् आधी मला.

हे पाकीट तुझ्याच हातानं उघडलं जावो, एवढंच मागणारी,
तुझी आई
धुरपता