ध्रुवपद एका दमात

सूनबाई, पलंग रिकामा दिसला म्हणून घाबरू नकोस. आधी पाणी पी, बैस आणि मग ही चिठ्ठी वाच. आजची कथा आपल्याच स्वयंपाकघरातली आहे.

तू कामावर गेल्यावर मी दूध तापत ठेवलं आणि विसरले. पडल्या पडल्या करपल्याचा वास आला. आजारपणात गेलेला वास, इतक्या महिन्यांनी परत! गॅस बंद केला आणि अत्तर हुंगावं तशी तिथेच उभी राहिले. पातेलं भिजत घातलंय, रागावू नकोस.

ते खरवडताना कीर्तनातलं ध्रुवपद गुणगुणलं. दरवेळी अर्ध्यावर दम तुटून खोकला यायचा. आज देवाने शेवटच्या अक्षरापर्यंत पोचवलं! मग मी घरात कशी बसणार?

कीर्तनाला चालले आहे. डॉक्टरांनी कोपऱ्यापर्यंत एकटीला जायला सांगितलंच आहे, आणि सभागृह कोपऱ्यावरच आहे. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, चांगला आहे. श्वासातून ओढायचं औषध पिशवीत घेतलंय. जिन्यात थांबत थांबत, ओठांचा चंबू करून श्वास हळू सोडत उतरेन. दाराजवळची खुर्ची धरेन. "आई, हट्टीपणा करू नका" हे तुझ्या वतीने मीच स्वतःला बोलून घेतलंय. न्यायला मात्र ये; जिना चढताना अजून तुझा हात लागतो.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या ना? माझा दम तुटला की उरलेली ओळ त्या पुरी करायच्या. त्या घरी परतल्या नाहीत. आज देवापुढे हात जोडशील तेव्हा त्यांचीही आठवण ठेव.