कवितेचा पहिला पेपर

९ मे, सकाळी ९
नात आज परीक्षेला गेली. मानसशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा, दोन पेपर. तिसरा प्रयत्न, नियमानुसार शेवटचा. निघताना ती प्रवेशपत्र पुन्हा पुन्हा तपासत होती. मी पायपुसण्यावर उभा राहून चौथीच्या पुस्तकातली झऱ्याची कविता म्हटली. बारा ओळी. अहाहा! मास्तर ती म्हणायचे तेव्हा वर्गात गारवा यायचा. नात हसली आणि गेली.

९ मे, दुपारी
पेपर उत्तम! दोन वर्षांत प्रथमच. ती म्हणते, अभ्यास झाला होता. असेल. पण कविता?

१० मे
मी अंधश्रद्ध नाही. फक्त निरीक्षण करतो. काल सकाळची नोंद केली : माझा फाटक्या कॉलरचा शर्ट, डावा पाय पुढे, दूध उतू गेलेलं, लिफ्ट बंद. दुसरा पेपर १६ तारखेला. सगळं जसंच्या तसं हवं.

११ मे
दूध उतू घालवण्याची तालीम केली. हिने विचारलं, अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? विज्ञान बायकोला समजावणं कठीण.

१२ मे
नातीला माझ्या क्रिकेट क्लबच्या दिवसांतली गोष्ट सांगितली. एकदा घाईत डावा पॅड आधी बांधला आणि एक्केचाळीस केले. पुढे नेहमी डावाच आधी. तिने विचारलं, डावा आधी बांधून शून्यावर किती वेळा आऊट झालात, आजोबा? चार वेळा. पण त्यात एकदा उजेड कमी होता, दोनदा अंपायर आंधळा होता आणि एकदा कुत्रं आडवं गेलं. ती म्हणाली, हेच ते. जमलं की श्रेय पॅडला, फसलं की दोष कुत्र्याला. पॅड कधी नापास होतच नाही.
मग तिने कबुतरांचा प्रयोग सांगितला. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळत. दाणा पडला तेव्हा एक गिरकी घेत होतं, म्हणून ते गिरक्याच घेत बसलं. मी म्हणालो, कबुतराला कविता येत नाही.

१३ मे
ती आणखी एक बोलली, ते मात्र पटलं. खेळाडू बॅटिंगला जाताना ताईत चाचपतात, फिल्डिंगला जाताना नाही. सोपा कॅच बहुतेक वेळा हातात बसतोच. बॅटिंगमध्ये एक चेंडू आणि खेळ खलास. जिथे आपल्या हातात कमी आणि पणाला जास्त, तिथे माणूस काहीतरी धरून ठेवतो. पेपर कुठला येणार ते हातात नाही, पेन कुठलं न्यायचं ते आहे. त्याने पेपर बदलत नाही, हात थरथरायचे थांबतात. तेही पुष्कळ, म्हणाली.
म्हणजे कविता हवीच! बाकीचं मी ऐकलं नाही.

१५ मे
संकट. लिफ्ट दुरुस्त झाली.

१६ मे, सकाळी ८.१०
उपाय सापडला. जुनी जाळीची लिफ्ट. दार उघडं राहिलं की चालत नाही. खाली जाऊन दार उघडं ठेवून येतो. दूध गॅसवर ठेवलंय. पाच मिनिटांचं काम.

१६ मे, सकाळी ८.२५
दोन मजल्यांच्या मधोमध आहे. दार उघडल्यावर थांबते का, हे वाटेतच तपासलं. थांबते. पुन्हा लावलं, बटण दाबलं. ढिम्म. वरून हिचा आवाज येतोय : दूध गेलं! बरं झालं.

१६ मे, सकाळी ८.४०
नात जिन्याने उतरली. मी जाळीला नाक लावून कविता सुरू केली. डावा पाय पुढे. दोन कडवी झाली आणि तिसरं कडवं साफ गेलं! साठ वर्षांत प्रथमच. पहिलंच पुन्हा म्हटलं. तिने वॉचमनला हाक मारली, माझ्याकडे बघून हात हलवला आणि गेली. पोरीची शेवटची संधी मी घालवली.

१६ मे, सकाळी १०
सुटका झाली. जेवण नको.

१८ जून
पास! नात पास! तिचे पाय जमिनीवर नाहीत. मी विचारलं, कविता अर्धवट राहिली तरी? तिने जीभ चावली. म्हणाली, आजोबा, रागावू नका. मैत्रिणींचं 'हे वाचलंस का, ते वाचलंस का' ऐकून धडकी भरते, म्हणून परीक्षेला मी घरातूनच कानात बोळे घालून निघते आणि जिन्यात दहा संथ श्वास घेते. मग मी पायपुसण्यावर आणि लिफ्टमध्ये काय करतोय असं वाटलं तुला? विचारलं. जांभया देताय असं वाटलं, म्हणाली. दोन्ही दिवशी.

१९ जून
विचार केला. बोळ्यांतूनही कंपनं जातातच.
संध्याकाळी गच्चीत तिसरं कडवं आठवत बसलो होतो. येईना. शेंगा सोलता सोलता हिने ते घडाघडा म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. माझे डोळे भरून आले. विचारलं, तुला इतकी आवडते?
म्हणाली, पन्नास वर्षं ऐकतेय. मला कुणी बोळे दिले नव्हते.