हवालदाराचा मृत्युलेख आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वर्तमानपत्राच्या कचेरीतून निवृत्त झालेली मृत्युलेखिका, पूर्ण शुद्धीत आहे, माझ्या मानगुटीवर कुणी बसलेले नाही, आणि चष्मा नाकावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे मृत्युपत्र या दस्ताने रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात बहिणीचा उल्लेखच नव्हता.

कलम १. राहते घर आणि त्यातले सामान माझ्या धाकट्या बहिणीला, कोणतीही अट न घालता. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी खालच्या कोपऱ्यात फाटलेली आहे. ती हवालदाराने फाडली. बहिणीला नवी जाळी बसवायचीच असेल तर खुशाल बसवावी, मात्र माझ्या पश्चात.

कलम २. औषधपाण्यातून जी काही शिल्लक उरेल तीही तिलाच. शब्दकोश आणि टंकयंत्र कचेरीच्या ग्रंथालयाला. टंकयंत्राची मोकळ्या जागेची पट्टी अडकते, ठोसा मारावा लागतो. संपादकांना मी काहीही देत नाही, कारण त्यांना साक्षीदार करायचे आहे आणि साक्षीदाराच्या पदरात काही पडता कामा नये असे वकील म्हणतात. दोन्ही अंगांनी सोयीचे झाले.

कलम ३. आता मुद्द्याचे. मी लिहिलेल्या मृत्युलेखांचे पुस्तक माझ्यामागे काढायचे संपादकांच्या मनात आहे. न्यायाधीश, गायिका, पूल बांधणारे अभियंते, सगळे त्यात येतील. हवालदाराचा लेख मात्र त्यांना शेवटी टाकायचा आहे, ‘हलकेफुलके’ या मथळ्याखाली. हवालदार म्हणजे माझा बोका. गल्लीत गस्त घालायचा, म्हणून ते नाव.

हा लेख मी दोनदा लिहिला. पहिला मजकूर वाईट होता, हे मी इथे लेखी देते. माझ्या हातून तो असा कसा उतरला, देव जाणे! ‘निरागस’, ‘मुका जीव’, ‘पोटच्या पोरासारखा’ असे शब्द मी दुसऱ्या कुणी वापरले असते तर लाल शाईने माखून परत पाठवले असते. वाचणारे हसतील या धास्तीने मी दर ओळीला त्यांच्या पाया पडत होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आई गेली तेव्हा जेवढे तुटले नाही तेवढे आता तुटते आहे, असेही लिहून बसले.

संपादकांनी तो लेख मुलांच्या पानावर छापला, वर गळ्यात फीत बांधलेल्या पिल्लाचे चित्र. हवालदाराचा एक कान अर्धा होता आणि फीत बांधायला जाणाऱ्याचे त्याने काय केले असते ते मला ठाऊक आहे. कचेरीत एकाने विचारले, “काय बाई, झेंडा अर्ध्यावर उतरवायचा का?” सगळे खो खो हसले. मी पण हसले, आणि मग प्रसाधनगृहात जाऊन रडले.

बहीण हसली नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी तीच होती. ती दारातच म्हणाली, “ताई, तुझं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते लोकांना दिसावं म्हणून तू आईच्या खांद्यावर का चढलीस?” आणि चालती झाली. मग बोलणे बंद. आधीचे मृत्युपत्र तेव्हाचे.

राग ओसरला तेव्हा कळले की तिच्याइतके नेमके परीक्षण माझ्या लिखाणाचे कुणी केलेले नाही. मग मी कचेरीतल्या सवयीने कामाला लागले. न्यायाधीशांचा लेख लिहिताना मी वाचकाची मनधरणी करत नव्हते. हवालदारासाठी तरी का करावी? पहिले वाक्य लिहिले: ‘मांजर मेले; त्यात लिहिण्यासारखे काय, असे वाटणाऱ्यांनी इथेच थांबले तरी चालेल.’ वाचकाच्या ओठांवर असलेले मीच म्हणून टाकले, म्हणजे त्याला हसायला निमित्त उरले नाही. दुसऱ्या परिच्छेदात त्याचे दुर्गुण: चोर, ओरबाडणारा, माझ्या उशीवर ओकणारा. ज्याचा कधी वैताग आला नाही त्याच्यासाठी रडणे कुणाला खरे वाटत नाही, मग तो न्यायाधीश असो की बोका. त्याच्या मनात काय चालले होते ते लिहिले नाही, कारण मला ते माहीत नव्हते. ‘माझा हवालदार’ दिसला तिथे ‘माझा’ खोडला. आई पूर्ण काढली. आणि उरलेल्या जागेत फक्त कामे लिहिली.

त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रोज कातडीखाली सलाईन द्यायचे. पिशवी कोमट करून पडद्याच्या दांडीला टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई त्या पोकळीत सारायची. पाण्याचा फुगा पाठीवर उभा राहायचा, मग घरंगळत पुढच्या पायाशी उतरायचा आणि तो लंगडा दिसायचा. सुईला कधी नख काढले नाही; कंगवा पाहिला की मात्र फिस्कारायचा. खाणे सुटले तेव्हा डॉक्टरीणबाई घरी आल्या. आधी गुंगीचे इंजेक्शन. मग पुढच्या पायावरचे केस भादरून दुसरे, शिरेत. छातीला नळी लावून त्या म्हणाल्या, “गेला.” डोळे उघडेच राहिले, तसेच राहतात म्हणाल्या. मी सुट्टी मागितली तर अर्जात कारणाचा रकाना होता आणि त्यात घालायला नाते नव्हते. पोट बिघडले असे लिहिले. लेखाचा शेवट एवढाच: ‘दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून सलाईनची पिशवी गरम पाण्यात ठेवली. ती कोमट झाली तेव्हा लक्षात आले.’

हा मजकूर मी बहिणीला टपालाने पाठवला, सोबत चिठ्ठी नाही. बरेच दिवस काही नाही. मला वाटले, संपले. मग एका दुपारी फोन वाजला. “मी बोलतेय,” म्हणाली. मग तिने विचारले, “किती कोमट करायचीस गं?”

“मनगटाला लावून बघायची,” मी म्हटले. “काहीच जाणवलं नाही की झालं.”

“हं. आईला नळीतून पेज द्यायचे ना, तेव्हा मीही मनगटालाच लावून बघायचे. सगळे आजाराचं विचारायचे. हे कुणी विचारलंच नाही मला.” आणि ती रडायला लागली. आईसाठी तिला रडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी आईला लेखातून काढले होते. बहीण तिला आपणहून परत घेऊन आली. मग आम्ही दोघी फोनवर मनसोक्त रडलो, बोक्यासाठी की आईसाठी ते विचारू नये.

कलम ४. सबब, पुस्तक निघाल्यास हवालदाराचा लेख, म्हणजे दुसरा मजकूर, मृत्यूच्या तारखेनुसार जिथे येईल तिथेच छापावा, म्हणजे न्यायाधीश आणि गायिका यांच्या मध्ये. अक्षर तेवढेच. चित्र नाही. हे मान्य नसेल तर पुस्तक काढू नये.

कलम ५. तो लेख गाळण्याचा अधिकार जगात एकाच व्यक्तीला, माझ्या बहिणीला. ती म्हणाली तर निमूटपणे गाळावा. तिच्याकडे कारण मागू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि साक्षीदारांसमोर सही केली. बहीण लाभार्थी असल्याने तिला बाहेरच्या खोलीत बसवले आहे. ती तिथून ओरडते आहे, “ताई, पाचव्या कलमाचं ऐकलं हं मी सगळं. खोडून टाक ते. कोण गाळणार आहे?”

कलम खोडलेले नाही. तिचे म्हणणे मात्र नोंदवून ठेवले आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर, जाळीच्या खिडकीशी
तारीख: सहीखाली, माझ्या हातची

(सही) लिहून देणार

साक्षीदार:
१. (सही) प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई. लेखातला वैद्यकीय तपशील बरोबर आहे.
२. (सही) संपादक. चित्र नाही. कळले.