कल म्हणजे नेमका कोणता दिवस

४ मे, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. लेक रूपालीशी तीन वर्षांत एक शब्द बोललो नाही, हे आता पुरे. वास्तविक माझा राग नव्हताच, तत्त्वाचा प्रश्न होता. जावई जैन आहे, शिकलेला आहे, पाचगणीच्या शाळेत गणित शिकवतो, सगळं मान्य. पण उत्तरेकडच्या सागर गावचा, हिंदी बोलणारा. सांगलीत मुलं संपली होती काय, एवढंच मी विचारलं होतं. रूपालीला सहावा महिना आहे. या आठवड्यात भेटायचंच.
शालन म्हणाली, "भेटा की. कोण अडवलंय?" बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

६ मे, मंगळवार.
जावयाचा, म्हणजे धवलचा, मेसेज. "जय जिनेंद्र पापाजी, कल रूपाली की सोनोग्राफी थी। सब ठीक है।"
हिंदीची मला अडचण नाही. विमा ऑफिसात राजभाषा पंधरवड्यात निबंधाला दुसरं बक्षीस आहे. (स्पर्धक तीन होते, पण ते असो.) उद्या सोनोग्राफी, म्हणजे उद्या संध्याकाळी फोन करून रीतसर चौकशी. सुरुवात तिथून.

७ मे, बुधवार.
फोन केला नाही. सकाळी शालनला सांगितलं की आज सोनोग्राफी आहे. ती म्हणाली, "अवो, ती सोमवारीच झाली. 'थी' लिहिलंय की त्यानं." दोन दिवस उशिरा चौकशी करणं बरं दिसत नाही. रद्द.
दोष माझा नाही. कालला आणि उद्याला एकच शब्द ठेवणारी भाषा.

८ मे, गुरुवार.
खालच्या मजल्यावर कृष्णात राहतो, मूळचा साताऱ्याकडचा, बावीस वर्षं फौजेत होता. त्याला विचारलं. म्हणाला, "आवं, कल म्हंजे आजच्या शेजारचा दिस. कुठल्या अंगाचा, ते क्रियापद सांगतंय. कल गया था म्हंजे काल. कल जाऊंगा म्हंजे उद्या. कल छुट्टी है, उद्या. कल छुट्टी थी, काल. लय सोपं हाय."
मी म्हटलं, पण ही काय भाषेची रीत झाली? तर म्हणतो, "आन तुमचं परवा? परवा गेलतो, परवा जाणार. आमी कवा चुकलो व्हय?"
हे उदाहरण लागू नाही. परवा आपला आहे.
लायब्ररीत जाऊन कोश काढला. संस्कृतात 'कल्य' म्हणजे पहाट. आजच्या पलीकडची पहाट, मागची किंवा पुढची. हिंदीनं दोन्ही ठेवल्या. आपला 'काल'ही त्यातलाच, फक्त आपण तो मागच्या बाजूला पक्का केला आणि पुढच्यासाठी 'उद्या' घेतला. त्यांचं परसोंही तसंच दोन्हीकडचं. विषय संपला. नियम वहीत लिहिला: क्रियापद भूतकाळी तर काल, नाहीतर उद्या. आता चूक होणे नाही.

१० मे, शनिवार. सकाळी ९.
मेसेज. "कल आप आए तो रूपाली बहुत खुश होगी।"
नियम लावला. 'आए' भूतकाळी. म्हणजे काल. काल मी गेलो नव्हतो, हे त्याला चांगलं माहीत आहे. टोमणा! पुढे 'होगी' आहे, पण 'कल'च्या जवळ 'आए' आहे, म्हणून तेच धरायचं.
उत्तर दिलं नाही. वास्तविक उद्या पाचगणीला जायच्या विचारात होतो. कॅन्सल. शालन एकटी जाते म्हणाली, सामान बांधायला मदत हवी म्हणे. कसलं सामान, विचारलं नाही. मान राखायला हवा.

१२ मे, सोमवार.
कृष्णातला मेसेज दाखवला. त्यानं कपाळाला हात लावला. "आवं जवाहरशेठ, 'तो' हाय न्हवं पुढं! आए तो म्हंजे आलात तर. उद्या पाऊस आला तर, आसं आपुन म्हंतो. 'आला' म्हनून तो पाऊस काल पडला व्हय?"
हा मुद्दा त्यानं गुरुवारीच सांगायला हवा होता.
म्हणजे काल त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. शालनचा फोन आला. धवलला सागरला नोकरी लागलीय, याच आठवड्यात जाणार. रूपालीनं दोन वाजेपर्यंत ताट वाढायचं थांबवलं होतं. बाळंतपण तिकडेच. मला हे कुणी आधी सांगितलं नाही, असं मी म्हटलं. शालन म्हणाली, तीनदा सांगितलंय.
मन शांत करण्यासाठी फोन दोन दिवस बंद. चिंतन.

१४ मे, बुधवार. सकाळी ८.
फोन चालू केला. धवलचा मेसेज पडलेला. "पापाजी, कल दोपहर ३:४० की गाड़ी, सातारा स्टेशन। परसों सागर।"
क्रियापदच नाही! पण आता मी कच्चा नाही. गाडी गेलेली असती तर वेळ कशाला कळवली असती? म्हणजे पुढचा दिवस. उद्या, गुरुवार. शुक्रवारी सागर. कृष्णातला विचारलं, तोही म्हणाला पुढचाच. "मेसेज कवाचा हाय?" म्हणाला. मी सांगितलं, आजच आला.
उद्या थेट स्टेशनवर. कुणाला कळवायचं नाही. मला बघून रूपाली रडेल. मी म्हणेन, "झालं गेलं." एवढंच, जास्त नाही. एक किलो बेदाणे घेतले, हिरवे, लांब दाण्याचे.
दुपारी ३. शालनचा फोन. उचलला नाही, तोंडातून निघून जाईल. पुन्हा आला. पुन्हा नाही.
३.३०. पुन्हा. माणसाला सरप्राइज ठेवू देत नाहीत.

१५ मे, गुरुवार. सातारा स्टेशन. दुपारी ४.
अडीच तास आधीच आलो होतो. गाडी आली, तीन मिनिटं थांबली, गेली. डबे बघत गेलो. एस वन ते एस सात पळत. पुढे पळवेना.
बाकावर बसून मेसेज पुन्हा काढला. खाली बारीक अक्षरात तारीख असते. १३ मे, संध्याकाळी ६.१२. फोन बंद होता तेव्हाचा. कल लिहिणाऱ्याच्या दिवसापासून मोजायचा, वाचणाऱ्याच्या नव्हे. तेराचा कल म्हणजे चौदा. परसों म्हणजे आज. ती आता सागरला पोचली असेल.
नवा मेसेजही होता, कालचा, गाडीतून केलेला. "गाड़ी छूटने तक आपका इंतज़ार किया।" यात कल नाही. समजायला काही अडचण आली नाही.

१६ मे, शुक्रवार.
रात्री घर बंदच होतं. शालन आली असेल वाटलं होतं. कृष्णात म्हणाला, वहिनी त्यांच्यासंगट गेल्या, बाळंतपण उरकूनच येणार. त्याला माहीत होतं. मला तीनदा सांगितलेल्यातच हे असावं.
धवलला लिहिलं, "मैं कल आया था।" बरोबर आहे, तपासून बघितलं. आया था, म्हणजे काल. अर्ध्या तासानं त्याचं उत्तर, "हम तो परसों निकल गए थे।" तेही बरोबर आहे. व्याकरणात दोघांची एकही चूक नाही.

१७ मे, शनिवार. सकाळी ११.
शेवटी फोन केला. तीन वर्षांत पहिला. धवलनं उचलला. हिंदीत वाक्य जुळवून ठेवलं होतं, तेवढ्यात तो मराठीतच बोलायला लागला. स्वच्छ. कधीपासून येतं, विचारलं. लग्नाआधीपासून, म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत ना अण्णा, माझ्याशी मोडकं मराठी बोलायचं नाही, हिंदीच बोल. म्हणून हिंदीत लिहीत होतो."
असं म्हटलं असेन. आठवत नाही. आठवतं.
रूपालीला दे म्हटलं. "ती झोपलीय," म्हणाला.
त्याच्या मागून रूपालीचा आवाज आला, शालनला विचारत होती, पापड कुठे वाळत घालायचे. आवाज बदललेला नाही.
"बरं," मी म्हटलं. "उठली की सांग."
"सांगतो."
कधी, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.