चौथ्या कडव्याचं चित्र

प्रिय केतकी,

पत्र लिहायला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. तुझे इतके फोन आले आणि मी एकही उचलला नाही. आप्पा रुसून बसलेत असं तुला वाटलं असणार. रुसलो नाही, पोरी. मी सातवी नापास माणूस, कागद समोर घेतला की हात थांबतो, आणि तुझ्या त्या मोबाइलची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. तू जेवतेस ना वेळेवर? पुण्यात खोलीला कडी नीट लागते का? कोळशाच्या कांड्यांनी चित्रं काढून तुझी नखं काळी झाली होती, त्याच हातानं भाकरी खात जाऊ नकोस. सगळी काळजी एकदम सुचते आणि मुख्य गोष्ट मागं राहते. मुख्य गोष्ट म्हणजे आईच्या कवितेवरचा तुझा चित्रांचा सिनेमा. त्यातलं चौथं कडवं माझ्यामुळं अडलंय आणि ते अजून अडलेलंच आहे, हे मला माहीत आहे.

तुझ्या आईनं, माझ्या लेकीनं, ती कविता लिहिली तेव्हा ती कॉलेजात होती. मी रात्रपाळी करून आलो तसं उंबऱ्यातच उभं करून तिनं मला ती ऐकवली. ‘बाप पहाटे येतो, केसांत कापूस घेऊन, आम्हाला वाटतं, रात्रभर तो ढगांत होता.’ मी म्हटलं, ‘शालन, ढगांत न्हाई गं, चार मागांच्या जागेत आठ माग लावलेल्या शेडात होतो.’ ती म्हणाली, ‘आप्पा, तुम्ही गप ऐका.’ तेव्हापासून ती चार कडवी मला पाठ आहेत. ती गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तिची किडनीची दुखणी, ते मिरजेचे हेलपाटे, तुला काही आठवत नसेल. तुझ्याकडं तिचा आवाज नाही. आमच्या वेळी कुणी कुणाचा आवाज धरून ठेवत नसे. म्हणून तू म्हणालीस की कविता आप्पाच म्हणतील, आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की शेजारच्या नबीलालला, शेडातल्या माझ्या सोबत्याला, मी मुद्दाम जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ‘आता हिरो झालास गा. आमाला वळख दे म्हंजे झालं.’

तू पहिल्यांदा काढून आणलेली चित्रं मला आवडली होती, खरं सांगतो. दारात उभा बाप, डोक्यावर कापूस, वर ढग, मागं शेडाचं धुराडं, सगळं होतं. तू मात्र तोंड पाडून बसलेलीस. तुझ्या कॉलेजच्या बाईंनी सगळं परत काढायला लावलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘कवितेत ढग आहेत आणि चित्रातही ढग, मग माणसानं कविता ऐकायची कशाला? एका कडव्याला एकच चित्र धर. कवितेनं जे सांगितलं नाही, ते त्यात दिसू दे.’ मला ते तेव्हा कळलं नाही. मग तू मला आठवडाभर छळलंस. आप्पा, शेडातून आल्यावर काय करायचात? आप्पा, आजी चाकावर सुताच्या कांड्या भरताना तिच्या बाजूला काय असायचं? मी म्हणायचो, काय असणार, अंघोळ, चहा, डबे. पण त्यातूनच तुला सापडलं. पहिल्या कडव्याला तू बादली घेतलीस. वरून बघितलेली, गोल, आणि माझ्या अंगावरून धुऊन गेलेला कापूस पाण्यावर हळूहळू फिरतोय. त्या बादलीत बोट फिरवत शालन बसायची, आणि हे मी तुला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या कडव्यात आजी आहे. ‘आई कांड्या भरते, चाकाबरोबर दिवस फिरतो, संध्याकाळी तिथंच येऊन थांबतो.’ चाक शब्दांत होतंच, म्हणून तू ते काढलं नाहीस. तिच्या गुडघ्याशी ठेवलेला चहाचा कप काढलास. पाण्यावरचा कापूस फिरता फिरता त्या चहावरची साय होतो, आणि कुणी पीत नाही, साय फक्त जाड होत जाते. तिसऱ्याला फळीवरचा डबा. ‘माग इतके बोलतात की घरात कुणी कुणाला हाक मारत नाही, हात हलवतो फक्त.’ हात न काढता तू डब्याचं झाकण काढलंस, शेजारच्या शेडाच्या हादऱ्यानं थरथरणारं. आणि म्हणालीस की मागाचा आवाज अजिबात घालायचा नाही. थरथर दिसेल, ऐकू मात्र फक्त आप्पा येतील. गोलातून गोल निघत होता. एकाच कागदावर कोळशानं काढायचं, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं, दर वेळी वरच्या कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा. एका सेकंदाला बारा फोटो. मी म्हटलं, ‘अगं, नीट पूस की, मागचं दिसतंय.’ तू म्हणालीस, ‘दिसू द्यायचंय आप्पा. कोळसा पूर्ण पुसला जात नाही, म्हणून तर घेतला.’

पण आधी आवाज लागतो, हे मला नवीनच होतं. आवाज धरल्यावर मग प्रत्येक ओळ किती वेळ चालते, मी श्वास कुठं घेतो, हे मोजून तेवढी चित्रं. माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी तू दाराखिडक्यांना गोधड्या लावल्यास आणि कानाला ते यंत्र अडकवून माझ्याकडं पाठ करून बसलीस. मी सुरू केलं तर तू दचकलीस. ‘आप्पा, मी इथं बसलेय, मागावर नाही!’ जन्मभर शेडात ओरडून बोललेला माणूस मी, हळू कसं बोलतात ते विसरलोय. तीन कडवी झाली. तू म्हणालीस, ‘आवाजातली खरखर छान आहे, तशीच ठेवू.’ मग मी चौथं म्हटलं. ‘धागा तुटला की माग थांबतो, कुणीतरी येतो, गाठ मारतो. आप्पा, मी तुटले तर गाठ मारायला कोण येईल?’ म्हटलं आणि उठलो. तू वळून म्हणालीस, ‘चौथं?’ मी म्हणालो, ‘म्हटलं की.’ ‘नाही म्हटलंत.’ ‘अगं, आत्ता म्हटलं!’ मला रागच आला. मग तू ते लावून ऐकवलंस. तीन कडव्यांनंतर नुसता श्वास होता.

दोनदा परत केलं, दोन्हीदा तेच. शेवटी तू डोळे पुसत म्हणालीस, ‘तुम्हाला आईचं हे कडवं म्हणायचंच नाहीये. सरळ सांगा ना तसं.’ आणि सगळं गुंडाळून संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. तुझ्या पिशवीत मी शेंगदाण्याची चटणी ठेवली होती, ती तरी मिळाली का?

आता ऐक. मी ते कडवं म्हटलं होतं. शेडात आठ माग चालू असताना ओरडूनही उपयोग नसतो, म्हणून आम्ही नुसते ओठ हलवायचो. धागा संपला, मुकादम आला, बायकोला बरं नाही, सगळं ओठांवर. समोरचा वाचायचा. जे मोठ्यानं बोलता येत नाही तेही तसंच सांगायचो. शालन गेल्याचं मी नबीलालला असंच सांगितलं, चालू मागांच्या पलीकडून. त्यानं दोन माग बंद केले आणि माझ्याकडं आला. तर त्या दिवशी माझे ओठ हलले, आवाज आला नाही, आणि मला कळलंही नाही. तुझी पाठ होती. तू बघितलं असतंस तरी काय, तुझ्या पिढीला ओठ वाचता येत नाहीत. शेडही आता मोडीत चाललेत. वाचणारे आम्ही चार म्हातारे उरलोय.

तू गेल्यावर मी रोज प्रयत्न केला. दार लावून, गोधडी पांघरून, देवासमोर बसून. तू पुन्हा यंत्र घेऊन आलीस तर तयार असावं म्हणून. दुसऱ्या कुणाचा आवाज घ्यावा तर बाकीची चित्रं माझ्या श्वासावर बेतलेली, तो तुकडा वेगळा दिसणार. वर्षाअखेर तुला कॉलेजात सिनेमा दाखवायचाय हेही डोक्यात होतं. पण ती खरखर वाढत गेली. गिळताना दुखायला लागलं. नबीलाल म्हणाला, ‘लेका, ह्यो आवाज काय बरा न्हाई, चल मिरजेला.’ तुला कळवू दिलं नाही मी त्याला. तू चित्रं टाकून धावत आली असतीस.

केतकी, माझ्या गळ्याला भोक आहे. घशात गाठ निघाली आणि आवाजाची पेटीच काढून टाकली. फोन उचलून काय करणार होतो? चौथं कडवं मी आता कधीच म्हणू शकणार नाही. ते राहूनच गेलं, आणि शालनचा जसा आवाज उरला नाही तसंच हे झालं, असं पडल्या पडल्या वाटत राहतं. दवाखान्यात सिस्टर पाटी द्यायच्या, मला लिहायचा कंटाळा. मी ओठ हलवले तर कुणाला कळेना. नबीलाल आला, त्यानं ओठ वाचले आणि पाणी मागतोय म्हणाला. वर मला म्हणतो, ‘फिरून मागावरच आलास की गा म्हाताऱ्या.’ मग मी त्याला कडवं म्हणून दाखवलं. त्यानं कविता कधी ऐकली नव्हती. तो माझ्या ओठांकडं शेवटपर्यंत बघत राहिला, मग उठून खिडकीशी गेला. तेव्हा मला वाटलं, तुझं चौथं चित्र हेच असेल. डब्याचं झाकण थरथरता थरथरता म्हाताऱ्याचं उघडं तोंड होऊ दे, तेही गोलच असतं. ओठ हलतील, आवाज नसेल, खाली अक्षरंही घालू नकोस. ज्याला वाचता येईल तो वाचेल. बाकीच्यांना कळणार नाही, आणि मला तरी कुठं कळलंय त्या प्रश्नाचं उत्तर? पण चित्र काढायला तुला माझे ओठ बघावे लागतील, आणि डॉक्टर पुढचं काही धड सांगत नाहीत. म्हणून हे लिहिलं. येतेस का? यायला जमणार नसेल तर फोन कर, मी उचलेन. तू बोल, मला ऐकू येतं. मी बोटानं ठोकेन, एकदा ठोकलं म्हणजे हो. फक्त लवकर कळव गं, फार वाट बघायला लावू नकोस.

तुझाच,
आप्पा