डाव्या हाताची घंटा

१२ जाने.
आज यांना देवळात नेलं. अर्धांगवायूनंतर पहिल्यांदाच. पाच महिने झाले, उजवा हात गेला, वाचाही. सुरतेत, बमरोलीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला तर देऊळ. आम्हाला अर्धा तास लागला.
पूर्वी लूमवर, कापड विणायच्या कामाला जाताना हे रोज थांबायचे. उंबऱ्याला हात लावून कपाळाला, घंटेचा एकच हलका टोल, हात जोडून पुटपुटायचे, "माय, मी उनू." आलो म्हणून सांगायचे, देवीशी अहिराणीतच.
आज घंटेखाली नुसते उभे. डावा हात खिशातच. शेवटी मीच वाजवली. यांनी तोंड फिरवलं.

१३ जाने.
गाभाऱ्यातून पुजारी महाराज म्हणाले, "आवो भाऊ, जय माताजी!" मी हात जोडले, "जय माताजी, महाराज." हे मान खाली घालून.
घरी खुणेने पाटी मागितली. वेडंवाकडं लिहिलं, 'डावा नको'.
मग कळलं. देवीपुढे डावा हात कसा करायचा, म्हणून. कालपासून मी समजत होते, देवीवर रागावलेत.

१६ जाने.
महाराजांना सांगितलं. ते पायरीवर यांच्याजवळ बसले. "मा हाथ जोवे छे? दीकरो आव्यो, ए जोवे छे." आई हात बघत नाही, लेक आला एवढंच बघते म्हणे.
तीर्थाला यांचा उजवाच तळवा पुढे केला, खालून मी धरला. पळीभर पाणी. निम्मं सांडलं, उरलेलं यांनी ओठांना लावलं, मग डोक्यावरून हात फिरवला. म्हणजे मी फिरवला.

२१ जाने.
लूम बंद, लाइट नाही. गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी शांत. धुपाचा धूर दारात लोंबत होता, त्यातून देवीचे डोळे तेवढे दिसत होते.
यांचा डावा हात वर गेला. आपोआप गेल्यासारखा. एक टोल. नाद किती वेळ फिरत राहिला, खांबांतून, माझ्या छातीतून. मग यांनी डाव्या हाताने उजवा उचलला, छातीशी आणून तळव्याला तळवा टेकवला.
आणि ओठ हलले. आवाज आला. नक्की आला, पण नादातच विरला.
महाराजांना विचारलं, "तुम्ही ऐकलंत?"
"'माय' बोल्या." मग थांबून, "मने एवुं लाग्युं." त्यांना तसं वाटलं म्हणे.
मला वाटलं नुसता श्वास होता. की...
घरी यांना विचारलं. हसले फक्त. तोंड किंचित वाकडं, पण हसणं तेच, पूर्वीचं.

२२ जाने.
लवकर पोचलो. पडदा ओढलेला, आत नैवेद्य चाललेला. अशा वेळी घंटा वाजवत नाहीत. पायरीवर बसलो दोघं. कोवळं ऊन. यांनी डोळे मिटले, ओठ हलत होते, शब्दांची जुळवाजुळव चालल्यासारखे.
मी कान जवळ नेला नाही. ते बोलणं माझ्याशी नव्हतं.
आत पडद्याच्या कड्या सरकल्या. हे माझा हात धरून उठले.